रेघोट्यांनी भरलेल्या पानाचा सारांश: तळटिपा, समासातले शेरे आणि अधोरेखनं यांचं काय करायचं?

ग्रंथालयातून किंवा रद्दीवाल्याकडून आलेल्या जुन्या पुस्तकाच्या एका पानावर बरीच माणसं एकाच वेळी बोलत असतात. वरच्या मजकुरात लेखक बोलतो. खाली बारीक टायपात तोच लेखक जरा वेगळ्या आवाजात बोलतो, किंवा त्याच्या पुस्तकाचा संपादक बोलतो. समासात कोणी अनोळखी वाचक लेखकाशी भांडतो, दुसरा त्या वाचकाशी भांडतो, आणि तिसऱ्याने कशाचीही बाजू न घेता अर्ध्या पानाखाली लाल रेघ मारलेली असते. अशा पानाचा फोटो आला आणि "याचा सारांश करून दे" असं कोणी सांगितलं, की नवख्या माणसाच्या हातून हे सगळे आवाज एकत्र कालवले जातात. लेखक कधी म्हणालाच नाही ते त्याच्या नावावर जातं. सारांशाची भाषा चांगली असते, पण तो पानाचा नसतो.

म्हणून सगळी कामं एका प्रश्नाभोवती फिरतात: हे वाक्य, ही खूण, हा आकडा कोणाचा?

हे हवेत बोलण्यापेक्षा एक पान समोर घेऊ. पान मी सरावासाठी रचलं आहे, त्यातल्या घटना मात्र खऱ्या इतिहासातल्या आहेत. शंभरेक वर्षांपूर्वीच्या इतिहासाच्या पुस्तकाचं पान आहे असं समजा. मजकूर असा:

> शहाजीराजांच्या धामधुमीच्या काळात जिजाबाई शिवनेरीवर होत्या. तेथेच शके १५४९१ (इ. स. १६२७) मध्ये शिवाजीराजांचा जन्म झाला.
>
> जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांची १६२९ साली निजामशाही दरबारात हत्या झाली.२ माहेरचा आधार असा तुटला.
>
> पाठोपाठ इ. स. १६३० ते १६३२३ या काळात दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. अन्नान्न करीत माणसे देशोधडीला लागली, गावेच्या गावे ओस झाली. त्यात पुण्यावर आदिलशाही फौजेची धाड आली. म्हणून पुढे जहागिरीची घडी बसविताना पहिले काम माणसे परत आणून जमीन लागवडीस लावण्याचे होते.

पानाच्या तळाशी एक आडवी रेघ आणि तिच्याखाली बारीक टायपात:

> हीच हकीकत थोड्या फरकाने दिली आहे.
>
> १ ही परंपरागत तिथी. जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ अशी नोंद आहे. (दु. आ.)
>
> २ कित्ता, पृ. ५१.
>
> ३ अब्दुल हमीद लाहोरीच्या पादशाहनाम्यात या दुष्काळाचे वर्णन आहे. पीटर मंडी या इंग्रजानेही तो पाहिला. पण त्याचा प्रवास सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे

आता हाताच्या खुणा. पहिल्या परिच्छेदाशेजारी निळ्या शाईत "१५५१ + ७८ = १६२९" आणि त्याखाली पेन्सिलीने, वेगळ्या हस्ताक्षरात, "चूक! १६३०". दुसऱ्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनेच "कुठे? दौल", पुढची अक्षरं कागदाच्या कडेबरोबर गेलेली. तिसऱ्या परिच्छेदात "अन्नान्न करीत" पासून "ओस झाली" पर्यंत लाल दुहेरी रेघ, आणि शेजारी बॉलपेनने "हेच आजही!"

आधी फोटो, मग वाचन

सारांश करणारा बहुतेक वेळा फोटो बदलून मागत नाही. मागायला हवा. नव्वद टक्के घोळ इथेच टळतात असं मी म्हणणार नाही, पण पेन्सिलीच्या खुणांचा घोळ मात्र इथेच होतो.

मोबाइलमधलं कागद स्कॅन करणारं ॲप अनेकदा पान आपोआप काळं-पांढरं करून टाकतं. छापील अक्षर त्यात झकास उठतं, आणि फिकी पेन्सिल साफ पुसली जाते. आपल्या पानावरचं "चूक! १६३०" असं नाहीसं झालं तर समासात फक्त निळ्या शाईतलं चुकीचं गणित उरेल. म्हणून फोटो रंगीत हवा, फिल्टर न लावलेला हवा. शिसं चमकतं, त्यामुळे समोरून फ्लॅश मारला की पेन्सिलीची अक्षरं पांढरी पडतात. खिडकीशी जाऊन, उजेड एका बाजूने तिरका येईल असं पान धरायचं. खोडरबराने पुसलेली नोंदही तिरक्या उजेडात कधीकधी कागदावरच्या दाबामुळे दिसते.

चारही कडा फोटोत आल्या आहेत का ते पाहा. पुस्तकाच्या शिवणीकडचा समास आत वळलेला असतो आणि तिथे लिहिलेलं दुमडीत लपतं. तिथला वेगळा, जवळून काढलेला फोटो मागा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि तळटिपांचा बारीक टाइप सगळ्यात आधी विरघळतो. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगितला तर मूळ आकारात येतो.

शेवटची मागणी थोडी आगाऊ वाटेल, पण कराच: मागचं आणि पुढचं पानही हवं. सारांश त्यांचा करायचा नाही, पण तळटिपा पानाची हद्द पाळत नाहीत. आपल्या पानावर हे दोन्ही बाजूंनी घडलं आहे. "हीच हकीकत थोड्या फरकाने दिली आहे" या ओळीला आकडा नाही. ती मागच्या पानावरच्या शेवटच्या टिपेचं शेपूट आहे, आपल्या पानावरच्या कुठल्याच वाक्याशी तिचा संबंध नाही. ती टीप १ चा भाग समजून "शिवजन्माची हीच हकीकत इतरत्रही आहे" असं कोणी लिहिलं, तर संपूर्ण कल्पित विधान तयार झालं. उलट टीप ३ ला शेवटी पूर्णविराम नाही. ती पुढच्या पानावर चालू आहे.

मजकूर उतरवताना आकडे वेगळे काढा

फोटोतून अक्षरं उचलणारं ॲप वापरा किंवा हाताने टाइप करा, देवनागरीत एक खास अडचण येते. तळटिपेचा आकडा छापताना ओळीच्या जरा वर, लहान टायपात बसवलेला असतो. उतरवताना तो खाली येतो आणि शेजारच्या आकड्याला चिकटतो. वर नमुना देताना मी तो मुद्दाम तसाच चिकटलेला ठेवला आहे. "शके १५४९१" हे साल नाही, ते शके १५४९ आणि टीप क्रमांक १ आहे. "१६३२३" म्हणजे १६३२ आणि टीप ३. साल असेल तर पाच आकडी दिसल्याबरोबर संशय येतो, पण "२३ किल्ले" याच्या आकड्याला टीप ४ चिकटली तर "२३४ किल्ले" होतात आणि ते वाचताना कोणाला खटकत नाही.

यावर उपाय साधा आहे. पहिल्यांदा खालच्या टिपा मोजायच्या, मग वरच्या मजकुरात तितकेच आकडे सापडतात का ते पाहायचं. खाली १, २, ३ आहेत. वर १ कुठे, २ कुठे, ३ कुठे? जो सापडत नाही तो कुठल्यातरी सालात किंवा संख्येत घुसलेला असतो. सापडला की उतरवलेल्या मजकुरात तो कंसात टाकायचा: "शके १५४९ [टीप १]". जुन्या पुस्तकांत आकड्यांऐवजी फुली, तारका किंवा खंजिरासारखी खूण असते. तेव्हा निदान हा घोळ होत नाही.

दुसरी अडचण अधोरेखनाची. रोमन लिपीत ओळीखाली रेघ मारली तर फारसं बिघडत नाही. आपल्याकडे उकार, ऊकार, ऋकार आणि हलन्त हे सगळे अक्षराखालीच लटकलेले असतात. जाड पेनाची रेघ त्यांच्यावरून जाते आणि "सुत" की "सूत", "दिन" की "दीन" यांपैकी पहिली जोडी कळेनाशी होते, दुसरी मात्र शाबूत राहते, कारण तिची मात्रा वर आहे. अधोरेखित ओळ उतरवताना म्हणून दर शब्दाचा उकार मोठं करून पाहावा. तसंच दाट छपाईत एका ओळीखालची रेघ खालच्या ओळीच्या शिरोरेषेला जाऊन मिळते. नक्की वरची ओळ अधोरेखित केली की खालच्या ओळीवर कोणी रेघ ओढली, हे रेघेच्या दोन टोकांवरून ठरवायचं: रेघ जिथे सुरू होते आणि संपते तिथे कुठल्या ओळीतला शब्द नेमका सुरू होतो आणि संपतो? वाचक बहुतेक वेळा शब्दाच्या कडेला थांबतो.

आणि अधोरेखन छापील आहे का हातचं, हेही एकदा बघून घ्या. टंकलिखित किंवा सायक्लोस्टाइल केलेल्या जुन्या प्रतीत लेखक स्वतःच अधोरेखन करत असे, कारण त्या यंत्रावर ठळक टाइप नसायचा. ते अधोरेखन लेखकाचं आहे, त्याचं वजन वेगळं. रेघ अक्षराच्याच काळेपणाची आणि अगदी सरळ असेल तर ती यंत्राची. हातची रेघ कुठेतरी हलतेच, पट्टी लावून ओढली असली तरी टोकाला शाई साचलेली दिसते.

तळटिपांची चाळणी

तळटीप लेखकाची आहे, म्हणजे सारांशात तिला जागा मागण्याचा हक्क आहे. पण सगळ्या टिपांना नाही. मी एकच कसोटी लावतो: टीप झाकून वरचं वाक्य वाचायचं, मग टीप उघडून पुन्हा वाचायचं. दुसऱ्या वाचनात वाक्याचा अर्थ, खात्री किंवा व्याप्ती बदलली का? बदलली असेल तर टीप सारांशात गेलीच पाहिजे. नसेल तर सोडून द्या.

टीप २ घ्या. "कित्ता, पृ. ५१." कित्ता म्हणजे आधी सांगितलेलाच ग्रंथ, कधी त्याजागी "तत्रैव" असतं. ही निव्वळ संदर्भाची टीप. झाका, उघडा, लखुजींच्या हत्येबद्दलचं वाक्य जसंच्या तसं राहतं. सारांशात तिची गरज नाही. मात्र एक सावधगिरी: कित्ता कुठल्या ग्रंथाबद्दल आहे हे फक्त मागच्या टिपांवरून कळतं. या पानावर तिच्या वर टीप १ आहे आणि तीत जेधे शकावली या जुन्या, तिथीवार नोंदींच्या साधनाचा उल्लेख आहे. म्हणून कोणी "लखुजींच्या हत्येला जेधे शकावलीचा आधार" असं लिहून बसेल. टीप १ मध्ये शकावली हा चर्चेचा विषय आहे, पृष्ठांकासह दिलेला संदर्भग्रंथ नाही. कित्ता बहुधा मागच्या पानावरच्या एखाद्या ग्रंथाकडे बोट दाखवतो. ते पान हाती नसेल तर आधाराचं नाव सारांशात घालूच नका.

टीप १ ची गोष्ट अगदी उलट. झाकली तर लेखक म्हणतो, जन्म १६२७ चा. उघडली तर तोच म्हणतो, ही परंपरेने चालत आलेली तिथी आहे आणि एका जुन्या साधनात दुसरीच नोंद आहे. वरचं ठाम विधान खाली येऊन डळमळलं. कंसातलं "दु. आ." म्हणजे दुसरी आवृत्ती. मजकूर पहिल्या आवृत्तीतला तसाच ठेवून टीप मागाहून घातली आहे. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीस आणली, त्याआधीच्या पुस्तकांत बखरींमुळे रूढ झालेलं १६२७ हेच साल सर्रास सापडतं. अशा पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत दुरुस्ती तळटिपेत येणं अगदी साहजिक आहे, कारण शिळा छाप किंवा जुळवलेले खिळे न हलवता तळाशी दोन ओळी वाढवणं सोपं. ज्या सारांशात "लेखकाच्या मते जन्म १६२७" एवढंच येतं, तो सारांश लेखकाचं आधीचं मत सांगतो आणि नंतरचं गाळतो.

टिपेखाली "संपादक", "सं.", "अनु." अशी सही असेल तर ती मूळ लेखकाची नाही. तीही वगळायची नाही, पण नाव लावून सांगायची: "संपादकांच्या टिपेनुसार…"

टीप ३ अर्धीच आहे, आणि तुटते ती नेमकी "पण" नंतर. हे लक्षात घ्या, कारण "पण" च्या पुढे मर्यादा येणार हे उघड आहे. पीटर मंडी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे गेला, पुण्याच्या बाजूला तो आला नाही, हे इतिहास वाचणाऱ्याला ठाऊक असेल. लेखक बहुधा हेच म्हणणार आहे की मंडीचं वर्णन पुणे परगण्याला जसंच्या तसं लावता येत नाही. बहुधा. पुढचं पान हाती येईपर्यंत ते लेखकाच्या तोंडी घालायचं नाही. सारांशात फक्त इतकं: दुष्काळाच्या दोन समकालीन वर्णनांचा उल्लेख आहे, टीप पुढच्या पानावर चालू आहे.

समास: कोण बोललं ते लिहा, नाहीतर लिहूच नका

समासातल्या नोंदींसाठी कागदावर एक छोटा तक्ता करा. नोंद काय आहे, कुठल्या ओळीशेजारी आहे, कशाने लिहिली आहे, आणि हात एकच आहे की वेगळा. हात ओळखायला अक्षरशास्त्री असण्याची गरज नाही. "ल" आणि "श" जुन्या वळणाचे की नव्या, आकडे देवनागरी की इंग्रजी, शिरोरेषा अखंड की तुटक, एवढ्यावरून बहुतेक वेळा भागतं. आपल्या पानावर निदान दोन वाचक आहेत, लाल रेघवाला आणि बॉलपेनवाला वेगळे धरले तर तीन-चार. नावं माहीत नाहीत, म्हणून "निळ्या शाईचा वाचक", "पेन्सिलीचा वाचक" असं म्हणायचं.

निळा आणि पेन्सिलीचा यांच्या वादात कोण बरोबर? सारांशासाठी हे ठरवणं गरजेचं नाही. पण कोणाचा आकडा आपल्या सारांशात चुकून शिरू नये म्हणून तपासायला हरकत नाही, आणि तपास मजेशीर आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं शाळेत शिकवतात. ते अर्धंच खरं आहे. शालिवाहन शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. चैत्रापासून साधारण मार्गशीर्ष-पौषापर्यंत ७८ मिळवायचे. १ जानेवारी उलटली की उरलेल्या महिन्यांसाठी ७९. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, म्हणून शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्ये येतो. पेन्सिलीचा वाचक बरोबर आहे, निळ्याने ७८ वर थांबून घोटाळा केला. वद्य तृतीया म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये हीच तारीख मान्य केली.

आता खरा मोह. हे सगळं आपल्याला कळलं आहे, तर सारांशात सरळ "जन्म १९ फेब्रुवारी १६३०" असं लिहून टाकावं असं वाटतं. नाही. पानावर ती तारीख कुठेच नाही. लेखकाने मजकुरात १६२७ म्हटलं, टिपेत शक आणि तिथी दिली, वाचकाने १६३० लिहिलं, आणि तारीख तुम्ही आणली. हवीच असेल तर ती सारांशाखाली "सारांशकाराची नोंद" म्हणून वेगळी द्या.

वाचकाचा शेरा मजकुरात मिसळणं ही आजची गोष्ट नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती एकातून दुसरी अशा उतरत गेल्या आणि त्यांत परक्या ओव्या व पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी सक्त ताकीदही दिली. (इथे महिना भाद्रपद असल्याने ७८ चालतात.) फोटोतून अक्षरं उचलणारं ॲप नेमकं हेच करतं: समासातली ओळ शेजारच्या छापील ओळीच्या मध्येच आणून बसवतं. "जन्म झाला चूक १६३०" असं काही उतरलेलं दिसलं तर ॲप बिघडलेलं नाही, त्याला समास कळत नाही इतकंच. उतरवलेला मजकूर म्हणून फोटोशी ओळीने ताडून पाहावा लागतो.

"कुठे? दौल" या नोंदीचं काय? पुस्तक पुन्हा बांधताना कडा कापल्या की समासातली अक्षरं अशी जातात. लखुजींची हत्या दौलताबादेस झाली हे इतिहासात प्रसिद्ध आहे, म्हणून शब्द "दौलताबाद" असणार हे जवळजवळ नक्की. तरी तक्त्यात लिहायचं ते असं: "दौल[ताबाद?]". चौकोनी कंसातलं तुमचं, बाहेरचं वाचकाचं. ज्याचा अंदाजही येत नाही तिथे "[वाचता येत नाही]" लिहून पुढे जायचं. शेरा कोणाचं नाव, पत्ता किंवा फोन नंबर असेल तर तो उतरवायचाच नाही; जुन्या पुस्तकांत हे बरंच आढळतं.

"हेच आजही!" हा उद्गार आहे. त्यात पानाबद्दल माहिती काही नाही, लिहिणाऱ्याच्या मनाबद्दल आहे. सारांशातून तो गाळावा.

अपवाद एकच, पण मोठा. शेरे लिहिणारा माणूस माहीत असेल आणि तोच अभ्यासाचा विषय असेल, उदाहरणार्थ एखाद्या संशोधकाच्या संग्रहातली त्याची स्वतःची प्रत, तर बाजू उलटते. मग छापील मजकूर पार्श्वभूमीला जातो आणि शेऱ्यांचा सारांश हेच काम होतं. म्हणून काम हातात घेताना पाठवणाऱ्याला विचारा: "पान काय म्हणतंय ते हवंय, की पानावर वाचकांनी काय लिहिलंय ते?" बहुतेकांना पहिलं हवं असतं, काहींना दोन्ही. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळे परिच्छेद करा, एकाच वाक्यात कधीच नाही.

लाल रेघेचा दाब

अधोरेखन फसवतं ते शब्दांतून नाही, डोळ्यांतून. पान उघडलं की नजर आधी लाल रेघेवर जाते, आणि सारांश लिहिताना तीच वाक्यं आधी आठवतात. आपल्या पानाचा असा सारांश नवख्याकडून सहज येईल: "१६३० च्या दुष्काळात लोकांचे अतोनात हाल झाले, गावं ओस पडली." खोटं त्यात काही नाही. पण लेखक दुष्काळाचं वर्णन करायला बसलेलाच नव्हता. त्याचं शेवटचं वाक्य "म्हणून" ने सुरू होतं, आणि सगळं पान त्या "म्हणून" कडे चाललेलं आहे: युद्ध, माहेरचा आधार तुटणं, दुष्काळ, धाड, आणि म्हणून जहागिरीत पहिलं काम वस्ती आणि लागवडीचं. त्या वाक्याखाली एकही रेघ नाही.

यासाठी मी पहिला कच्चा सारांश खुणा न बघता लिहितो. उतरवलेला, टिपांचे आकडे कंसात टाकलेला निव्वळ छापील मजकूर समोर ठेवायचा, फोटो बंद करायचा. "म्हणून", "पण", "तरी", "यावरून" असे जोडशब्द शोधायचे, कारण लेखकाचा युक्तिवाद तिथे वळतो. सारांश तयार झाला की मग फोटो उघडून अधोरेखनं पाहायची. अधोरेखित भाग सारांशात आला नसेल तर स्वतःला विचारायचं, तो मुद्दा म्हणून सुटला की उदाहरण म्हणून? इथे तो उदाहरण आहे, अर्धं वाक्य पुरे.

अधोरेखनाचा एक उपयोग मात्र आहे. पाठवणाऱ्याने रेघा स्वतः मारल्या असतील तर त्याला कशात रस आहे ते कळतं. तेव्हा सारांशाखाली "तुम्ही खूण केलेला भाग" म्हणून त्याबद्दल दोन ओळी जास्त लिहा. मुख्य सारांशाचं माप मात्र त्यामुळे बदलू नका. आणि एखादी फिकी, उलट्या दिशेने तिरकी जाणारी रेघ दिसली, तिच्याखाली कुठलाच शब्द नीट सुरू-संपत नसेल, तर ती बहुधा पाठपोट उमटलेली शाई आहे, पानाच्या मागच्या बाजूची. तिला हिशेबात धरू नका.

हाती काय येतं

आपल्या पानाचा सारांश मी असा देईन:

> शिवजन्माच्या सुमारास भोसले घराण्याची परिस्थिती बिकट होती, असे लेखक मांडतो. जिजाबाई शिवनेरीवर असताना शिवाजीराजांचा जन्म झाला; मजकुरात शके १५४९ (१६२७) हे साल आहे, पण दुसऱ्या आवृत्तीतली तळटीप ही तिथी केवळ परंपरागत असल्याचे सांगून जेधे शकावलीतली शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही वेगळी नोंद देते. १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांच्या हत्येने माहेरचा आधार गेला. १६३०–३२ च्या दुष्काळात गावे ओसाड झाली आणि पुण्यावर आदिलशाही फौजेची धाड आली. त्यामुळे पुढे जहागिरीत पहिले काम माणसे परत वसवून जमीन लागवडीस आणण्याचे होते, हा लेखकाचा निष्कर्ष.
>
> वाचकांच्या नोंदी: जन्मसालाशेजारी एका वाचकाने १६२९, दुसऱ्याने ते चूक म्हणत १६३० लिहिले आहे. लखुजींच्या हत्येशेजारी "कुठे? दौल[ताबाद?]". दुष्काळाच्या वर्णनाखाली लाल दुहेरी रेघ.
>
> अपुरे: टीप ३ मध्ये दुष्काळाच्या दोन समकालीन वर्णनांचा उल्लेख आहे, ती पुढच्या पानावर चालू आहे. टीप २ मधील "कित्ता" कोणता ग्रंथ, हे या पानावरून कळत नाही.

तीन तुकडे वेगवेगळे ठेवल्याचा फायदा पुढचं पान आल्यावर दिसतो. समजा त्याच्या तळाशी पहिली, बिनआकड्याची ओळ अशी निघाली: "झाला, पुणे प्रांत त्याने पाहिला नाही." मग टीप ३ पुन्हा त्याच कसोटीला लावायची. दुष्काळ पडला हे विधान बदलत नाही, पण मंडीच्या वर्णनाची व्याप्ती बदलते. म्हणून दुष्काळाच्या वाक्यात "लेखकाने दिलेल्या दोन समकालीन वर्णनांपैकी मंडीचे पुणे प्रांतातले नाही" अशी भर पडते, "अपुरे" मधली पहिली ओळ निघून जाते, आणि वाचकांच्या नोंदींना हातही लावावा लागत नाही.